बर्फ कडाकडा चावावासा वाटतो? आधी फेरिटिन बघा

"आवं डॉक्टर, ही रातचं दोन वाजता उठून फ्रीज उघडती आन् कडाकडा बर्फ खाती. पोरं झोपेतनं उठत्यात आवाजानं." सासूबाई तक्रार करत होत्या आणि सून मान खाली घालून हसत होती. सून शाळेत शिक्षिका, वय ३७, दोन मुलं. ती खरं तर दाढ ठणकते म्हणून दंतवैद्याकडे गेली होती. दाढेचा कोपरा उडालेला पाहून त्यांनी विचारलं, "काय चावता एवढं?" उत्तर ऐकून त्यांनी दाढ बुजवली आणि तिला माझ्याकडे पाठवलं. कोल्हापुरात इतकी वर्षं दवाखाना चालवतेय, पण बर्फासाठी म्हणून कुणी आपणहून आलेलं मला आठवत नाही. येतात ते थकव्यासाठी, केस गळतात म्हणून, नाहीतर धाप लागते म्हणून. बर्फाची गोष्ट विचारल्यावरच बाहेर येते.

बर्फ, खडू, पाटीवरची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ अशा वस्तूंची अनावर ओढ लागण्याला वैद्यकात 'पायका' म्हणतात. पायका हे मॅगपाय या पक्ष्याचं लॅटिन नाव, तो काहीही चोचीत घेतो अशी त्याची ख्याती. या सगळ्या ओढींमध्ये बर्फ चावण्याची ओढ वेगळी आहे, कारण शरीरातल्या लोहाच्या कमतरतेशी तिचं नातं सर्वांत घट्ट आहे. म्हणून लेखाचा मोठा भाग बर्फावर आहे. खडू-मातीचं शेवटी सांगते, तिथे धोके वेगळे आहेत.

आधी ओढ खरी आहे का ते ओळखा

एप्रिलमध्ये रंकाळ्यावर बर्फाचा गोळा कोण खात नाही? रसवंतीत उसाचा रस संपल्यावर पेल्यात उरलेला बर्फ चघळणं हाही काही आजार नाही. फरक कळावा म्हणून मी एकच प्रश्न विचारते: बर्फाऐवजी तितकंच गार पाणी दिलं तर भागेल का? साध्या उकाड्यातला माणूस "हो" म्हणतो. ओढ लागलेला माणूस लगेच "नाही" म्हणतो. त्याला गारवा नको असतो, दाताखाली फुटणारा बर्फ हवा असतो. काही जणी तर कोणता बर्फ हवा तेही सांगतात. फ्रीजरच्या भिंतीला साचलेला भुसभुशीत बर्फ एकीला आवडतो, दुसरीला ट्रेमधला काचेसारखा कडक.

ही ओढ महिनाभर टिकली असेल, पावसाळ्यात-थंडीतही कमी होत नसेल, तिच्यापायी रात्री उठावं लागत असेल किंवा लपून खावं लागत असेल, तर मनावर घ्या. आमच्या शिक्षिकेचा हिशोब दिवसाला सहा ट्रे एवढा होता. डब्याच्या पिशवीतून ती बर्फ थर्मासमध्ये भरून शाळेत नेत असे आणि मधल्या सुट्टीत स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाठ फिरवून चावत बसे. "चावलं की डोकं जागं होतं," ती म्हणाली.

हे वाक्य मी पुष्कळदा ऐकलंय आणि त्यात तथ्य असावं. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये याबद्दल एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. लोहाची कमतरता असलेल्या आणि नसलेल्या माणसांना त्यांनी बर्फ चघळायला किंवा कोमट पाणी प्यायला दिलं आणि मग लक्ष एकाग्र करण्याची चाचणी घेतली. बर्फानंतर कमतरता असलेल्यांची कामगिरी सुधारली, धडधाकट माणसांमध्ये मात्र काही फरक पडला नाही. मेंदूकडे जाणारा रक्तपुरवठा गारव्याने थोडा वाढत असेल, असा त्यांचा अंदाज. नेमकी यंत्रणा अजून पक्की कळलेली नाही. लोहाची कमतरता असलेल्या प्रत्येकाला बर्फ हवासा वाटतो असंही नाही, आणि बर्फ चावणाऱ्या प्रत्येकाचं लोह कमी असतं असंही नाही. कुणाचं तोंड कोरडं पडतं, कुणाला नुसती सवय असते. म्हणूनच तपासणी.

तपासणी: हिमोग्लोबिनवर थांबू नका

इथेच सगळ्यांत जास्त गडबड होते. ओढ लागली, घरच्यांनी लॅबमध्ये नेलं, हिमोग्लोबिन ११.८ किंवा १२.२ आलं, आणि "रक्त ठीक आहे" म्हणून विषय मिटला. मग पुढचं वर्षभर बर्फ चालूच.

असं का होतं ते समजायला घरातल्या तांदळाचा विचार करा. रोजचा भात डब्यातल्या तांदळाचा होतो आणि डबा रिकामा व्हायला लागला की कणगीतून भरला जातो. हिमोग्लोबिन म्हणजे हा रोजचा भात. फेरिटिन म्हणजे कणगी, शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा. कणगी तळाला गेली तरी भात काही दिवस पूर्वीसारखाच ताटात पडतो. बर्फाची ओढ मात्र कणगी रिती होतानाच लागू शकते, भात कमी पडायच्या आधी.

म्हणून डॉक्टरांकडून दोन तपासण्या लिहून घ्या: सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची पूर्ण मोजणी, आणि सीरम फेरिटिन. दोन्हींसाठी उपाशी राहायची गरज नाही. फेरिटिन थोडं महाग पडतं, पण काही शे रुपयांत होतं. नुसतं 'सीरम आयर्न' केलं तर त्यावर फारसं विसंबू नका. तो आकडा सकाळ-संध्याकाळ बदलतो आणि आदल्या दिवशी गोळी घेतली असेल तर फसवा वाढतो.

आता अहवाल वाचूया. शिक्षिकेचा असा होता: हिमोग्लोबिन ११.४, एमसीव्ही ७४, आरबीसी ४.८, आरडीडब्ल्यू १७, फेरिटिन ५. गरोदर नसलेल्या स्त्रीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय म्हणतात, म्हणजे हिचा रक्तक्षय सौम्यच. आरबीसी म्हणजे तांबड्या पेशींची संख्या, एमसीव्ही हा त्यांचा सरासरी आकार. एमसीव्ही साधारण ८० च्या खाली गेला की पेशी लहान झाल्या, कारण त्यांच्यात भरायला लोहच नाही. आरडीडब्ल्यू वाढलेला म्हणजे लहानमोठ्या पेशींची सरमिसळ. आणि फेरिटिन ५ म्हणजे कणगीचा तळ दिसतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने धडधाकट प्रौढात १५ च्या खालचं फेरिटिन म्हणजे लोहाची कमतरता. दवाखान्यात आम्ही बहुतेक जण ३० च्या खालीच सावध होतो, आणि बर्फाची ओढ असेल तर २५ आलं तरी मी उपचार सुरू करते.

फेरिटिन एका बाबतीत फसवतं. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांचा जुना दाह किंवा यकृताचा त्रास असेल तर ते वर चढतं आणि कणगी भरल्याचा भास होतो. त्यामुळे ताप येऊन गेला असेल तर दोनतीन आठवडे थांबून रक्त द्या. जुना दाह असलेल्या माणसात ७० च्या खालचं फेरिटिनही कमतरतेचं असू शकतं, असं संघटनेचे निकष सांगतात.

दुसरी फसगत थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषाची. त्यातही पेशी लहान असतात, पण लोह पुरेसं असतं. अशा माणसाला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या चारल्या जातात आणि एमसीव्ही जिथल्या तिथे राहतो. अंदाज घ्यायला एमसीव्हीला आरबीसीने भागा. उत्तर १३ च्या वर आलं तर कल लोहाच्या कमतरतेकडे, खाली आलं तर थॅलेसेमिया मायनरकडे. शिक्षिकेचं ७४ भागिले ४.८ म्हणजे १५ च्या वर. हा नुसता अंदाज आहे. खात्री एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराच्या तपासणीने होते आणि तीही शक्यतो लोह भरून काढल्यावर करावी, कारण लोह कमी असताना एचबीए-टू खोटा कमी दिसू शकतो.

गोळी कशी घ्यायची

गोळीच्या पाकिटावर मोठा आकडा असतो तो क्षाराचा, लोहाचा नव्हे. फेरस सल्फेटच्या २०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष लोह सुमारे ६५ मिलिग्रॅम असतं. 'एलिमेंटल आयर्न' किती ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, तेवढं बघा. मोठ्या माणसाला साधारण ६० ते १०० मिलिग्रॅम लोह दिवसातून एकदा पुरतं. पूर्वी आम्ही दिवसातून दोनदा-तीनदा द्यायचो. आता तसं करत नाही. एक गोळी पोटात गेली की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि पुढचे जवळजवळ २४ तास आतड्याचं दार अर्धं लावून घेतं. त्यामुळे त्याच दिवशीच्या दुसऱ्या गोळीतलं फार थोडं लोह आत जातं, उरलेलं पोटात मळमळ आणि बद्धकोष्ठता करत बसतं. रोज झेपत नसेल तर दिवसाआड घेतली तरी चालते, प्रत्येक गोळीतून शोषण उलट चांगलं होतं. किती आणि कोणती ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. आधीचे आजार आणि चालू औषधं त्यांना सांगा.

वेळ उपाशीपोटी, सकाळी उठल्यावर, पाण्यासोबत. आपल्याकडे अडतं ते चहापाशी. उठल्या उठल्या चहा नाही घेतला तर दिवस उगवतच नाही. चहातले टॅनिन लोहाला बांधून ठेवतात आणि तुमची गोळी जशीच्या तशी बाहेर पडते. गोळी घ्या आणि चहाला किमान तासभर थांबा. ते जमत नसेल तर गोळी रात्री झोपताना घ्या, जेवणानंतर दोन तासांनी. उपाशीपोटी मळमळलं तर थोडं खाऊन घ्या. शोषण कमी होईल, पण गोळी बंद पडण्यापेक्षा बरं.

दुधाबरोबर गोळी घेऊ नका. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध पिऊन रक्त वाढतं असं सांगणारे काका मला अजून भेटतात. दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह नगण्य असतं आणि त्यातलं कॅल्शियम गोळीतल्या लोहाला आडवं येतं. कॅल्शियमची गोळी किंवा ॲसिडिटीचं औषध आणि लोहाची गोळी यांच्यातही दोन तासांचं अंतर ठेवा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर चार तासांचं.

शौच काळी होईल, घाबरू नका. गोळीची काळी शौच घट्ट, हिरवट-काळी असते. डांबरासारखी चिकट, चकाकणारी आणि भयंकर वासाची शौच होत असेल तर तो पोटातला रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दाखवा. आणि गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. चकचकीत लाल गोळ्या मुलांना चॉकलेट वाटतात आणि मूठभर लोह लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

गूळ-शेंगदाण्याने भागेल का, हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. आपला कोल्हापुरी गूळ मलाही आवडतो, थोडं लोह त्यात असतंही, पण रिकामी कणगी गुळाने भरायची म्हणजे चमच्याने विहीर भरण्यातला प्रकार. मटणातलं, विशेषतः कलेजीतलं लोह चांगलं शोषलं जातं. तांबड्या रश्श्यात बुडवलेली भाकरी खाऊन ते मिळत नाही, फोडी खाव्या लागतात. (गरोदरपणात कलेजी बेताने, तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं.) शाकाहारी असाल तर पालेभाजी-डाळीवर लिंबू पिळा, आवळा खा. हा आहार पुढे कणगी भरलेली ठेवायला उपयोगी. रिकामी झालेली भरायला गोळी लागते.

काय, केव्हा बदलतं

शिक्षिकेला मी रोज एक गोळी दिली आणि एक कागद फ्रीजवर चिकटवायला सांगितला. दिवसाला किती ट्रे, एवढंच लिहायचं. पहिले चार दिवस सहा, सहा, पाच, सहा. आठव्या दिवशी तीन. बाराव्या दिवशी एक, तोही अर्धा वितळलेला टाकून दिला. तिसऱ्या आठवड्यात कागद कोरा.

हेच या ओढीचं वैशिष्ट्य आहे. गोळ्या लागू पडल्या तर ती अनेकदा काही दिवसांत, फार तर दोनतीन आठवड्यांत विरते, हिमोग्लोबिन नीट वर यायच्या आधीच. इच्छाशक्तीने बर्फ सोडायचा प्रयत्न करत स्वतःला कोसत बसलेल्या बायकांना मी हेच सांगते, की झगडू नका, तो आपोआप सुटेल. तोवर दात सांभाळा, कडक बर्फ दाढेने फोडण्यापेक्षा बारीक चुरा चघळा.

पण जी ओढ आधी येते ती आधीच जाते, आणि तिथेच घात होतो. महिन्याने तिचं हिमोग्लोबिन १२.५ झालं. म्हणजे हवं तसं वाढलं, साधारण महिन्याला एकने तरी वाढायला हवं. बर्फ सुटला, अंगात तरतरी आली, आकडा 'नॉर्मल' आला. सहाव्या आठवड्यात तिने गोळ्या बंद केल्या. मला सांगितलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही चिठ्ठीवर 'चालू ठेवा' असं मोघम लिहिलं होतं, किती महिने ते लिहिलं नव्हतं. तीन महिन्यांनी सासूबाईंचा फोन: "पुन्यांदा कडाकडा सुरू झालंय बगा."

हिशोब असा आहे. फेरिटिनचा प्रत्येक अंक म्हणजे साठ्यातलं सुमारे ८ मिलिग्रॅम लोह, असा ढोबळ ठोकताळा आहे. फेरिटिन ५ म्हणजे साठा जेमतेम ४० मिलिग्रॅम. फेरिटिन ५० वर न्यायचं तर ४०० मिलिग्रॅमचा साठा हवा, आणि हिमोग्लोबिन भरायला लागतं ते वेगळंच. ६० मिलिग्रॅमच्या गोळीतून रक्तात जातं ते सहा ते बारा. पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत शरीर आलेलं सगळं लोह हिमोग्लोबिनसाठी उचलतं, कणगीत काही पडतच नाही. म्हणून हिमोग्लोबिन नॉर्मल झाल्यावर आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या आणि फेरिटिन पुन्हा बघूनच थांबवायच्या. पुन्हा ट्रे रिकामे व्हायला लागले की रक्त तपासायच्या आधीच मला उत्तर माहीत असतं.

महिन्याभरात ओढही कमी झाली नाही आणि हिमोग्लोबिनही हललं नाही, तर क्रमाने बघा. गोळी खरंच घेतली जाते का? चहाबरोबर घेतली जाते का? रक्त कुठून तरी वाहतंय का? आतड्यात शोषणच होत नाही का, उदाहरणार्थ गव्हातल्या ग्लुटेनने होणारा सीलिॲक आजार किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरातला जंतू? की निदानच चुकलंय? तोंडाने लोह सोसतच नसेल किंवा लवकर भरून काढायचं असेल तर शिरेतून लोह देतात. ते दवाखान्यातच, देखरेखीखाली, कारण क्वचित तीव्र ॲलर्जी होऊ शकते.

गळती कुठे आहे ते शोधा

कणगी कुणीतरी रिकामी केली म्हणून रिकामी झाली. शिक्षिकेला पहिल्या भेटीत मी पाळीबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नॉर्मल आहे." या शब्दावर विश्वास ठेवायचा नसतो, हे माहीत असूनही मी ठेवला. दुसऱ्यांदा आली तेव्हा नीट विचारलं. पॅड किती वेळाने बदलावं लागतं? पहिले दोन दिवस दीड-दोन तासांनी. गाठी पडतात? दहाच्या नाण्याएवढ्या. दिवस? आठ. रात्री उठून चादर बघावी लागते? हो. तिच्या आईलाही असंच व्हायचं, म्हणून तिला ते 'नॉर्मल'.

एक मिलिलीटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलीटरच्या वर गेलं तर ते 'जास्त' धरतात, म्हणजे दर महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह वाहून गेलं. जेवणातून शरीरात जातं ते दिवसाला एक ते दोन मिलिग्रॅम आणि त्यातलं सुमारे एक मिलिग्रॅम घाम, त्वचा आणि आतड्याच्या झिजेतून रोजच जातं. शिल्लक काय राहणार? सोनोग्राफीत तिच्या गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी गर्भाशयात हार्मोन सोडणारं साधन बसवलं, कॉपर-टीसारखंच दिसतं ते, आणि चार महिन्यांत स्राव निम्म्यावर आला.

पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर मात्र नुसत्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये. मग ते बर्फ चावत असोत वा नसोत. जठरातला व्रण, मूळव्याध, रोजच्या वेदनाशामक गोळ्या, आणि कधी आतड्याचा कॅन्सर, या सगळ्यांतून थेंब थेंब रक्त जातं, डोळ्यांना दिसत नाही. अशांना दुर्बिणीतून जठर आणि मोठं आतडं बघून घ्यायला सांगतात. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढलं म्हणून ही तपासणी टाळायची नाही. शेतात अनवाणी राबणाऱ्यांमध्ये हुककृमी हे आणखी एक कारण. तो पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो.

खडू, पेन्सिल आणि माती

'माती खाल्ली' हा आपल्याकडे फजितीसाठी वापरायचा शब्द, त्यामुळे खरोखर माती खाणारी बाई ते कुणाला सांगत नाही. बाळकृष्णाने माती खाल्ली तर कौतुक, गरोदर सुनेने खाल्ली तर डोहाळे, आणि इतर कुणी खाल्ली तर वेड. प्रत्यक्षात पेन्सिलीचे तुकडे पदराच्या गाठीत घेऊन फिरणाऱ्या, भाजक्या मातीची पुडी पर्समध्ये ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पहिल्या पावसात मातीच्या वासाने जीव कासावीस होतो असं त्या सांगतात. विचारताना "माती खाता का?" असं न विचारता "पेन्सिल, माती, कच्चे तांदूळ, यातलं काय खावंसं वाटतं?" असं विचारा. मग सांगतात.

मातीच्या बाबतीत कारण आणि परिणाम एकमेकांत गुंततात. लोह कमी म्हणून माती खावीशी वाटते, आणि काही प्रकारची चिकणमाती जेवणातलं लोह बांधून घेते, त्यामुळे ते आणखी कमी होतं. खडूत कॅल्शियम असतं, तेही आडवं येतं. म्हणून गोळी आणि खडू एकाच सकाळी पोटात गेले तर गोळी वाया गेली समजा. ही ओढसुद्धा लोह भरल्यावर अनेकींची जाते, पण बर्फाइतकी हमखास आणि झटपट नाही. सवय आणि वास यांचा पगडा इथे जास्त असतो. लोह भरल्यावरही माती सुटली नाही तर मानसोपचाराची मदत घ्यायला संकोच करू नका.

बर्फाने दात जातात, मातीने त्याहून अधिक काही जाऊ शकतं. मातीत जंतांची अंडी असतात. विटा, जुना रंग, रस्त्याकडेची धूळ यांत शिसं असू शकतं, आणि लोह कमी असलेलं शरीर शिसं जास्त शोषतं. म्हणून माती किंवा भिंतीचा पोपडा खाणाऱ्या मुलाची सीबीसी आणि फेरिटिनबरोबर रक्तातल्या शिशाचीही तपासणी करायला डॉक्टरांना सांगा, आणि जंतांचं औषध वयानुसार द्या. दोन वर्षांच्या आतलं मूल सगळंच तोंडात घालतं, ते पायका नव्हे. त्यानंतरही महिनाभर शोधून शोधून माती खात असेल तर तपासा. पोट फुगलंय, उलट्या होतायत आणि शौच-वारा बंद झालाय, तर आतड्यात गोळा अडकला असू शकतो. तेव्हा घरगुती उपाय न करता थेट सीपीआरसारखं मोठं रुग्णालय गाठा.

गरोदर बाईला ओढ लागली तर डोहाळे म्हणून पुरवू नका आणि रागावूही नका. आरोग्य केंद्रात मिळणारी लाल गोळी, ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिडची, चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस घ्यायची असते. ती प्रतिबंधाची मात्रा आहे. रक्तक्षय आधीच असेल तर मात्रा वाढवावी लागते, म्हणून ओढीबद्दल आशाताईंना किंवा नर्सबाईंना स्पष्ट सांगा. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी गोळी मिळते. ती दप्तरात तशीच पडून राहते, हे मला आमच्या शिक्षिकेनेच सांगितलं. आता ती वर्गात गोळी समोर घ्यायला लावते आणि खडू कोण खातं यावरही डोळा ठेवते.

बसल्या जागी धाप लागणं, छातीत दुखणं, घेरी येऊन पडणं किंवा हिमोग्लोबिन ७ च्या खाली, यांपैकी काहीही असेल तर फेरिटिनची वाट न बघता आधी रुग्णालय.

शिक्षिकेने दुसऱ्या खेपेला गोळ्या दिवसाआड घेतल्या, सहा महिने. चिठ्ठीवर या वेळी मी तारीख लिहिली होती. शेवटचा अहवाल: हिमोग्लोबिन १३.१, एमसीव्ही ८६, फेरिटिन ४६. मागच्या महिन्यात सासूबाई स्वतःच्या गुडघ्यासाठी आल्या, तेव्हा मी बर्फाचं विचारलं. "ट्रे भरल्याला असतोय की," त्या म्हणाल्या, "पर त्यातलं पाणी महिना महिना कोण बदलत न्हाई. माश्याचा वास मारतोय नुस्ता."